होमस्टेचा पैसा नि घरचा पैसा: टक्क्याने उचलायचा की ठरलेली रक्कम?

तारकर्लीत माझं तीन खोल्यांचं होमस्टे आहे, एकमालकी, म्हणजे कायद्याने मी आणि धंदा एकच, पॅनसुद्धा एकच. म्हणून पहिली दोन वर्षं खातंही एकच ठेवलं. मे महिन्यात खात्यात पैसे दिसले म्हणून घरी नवीन फ्रीज आणला आणि जुलैत लाइट बिलासाठी मेव्हण्याकडे हात पसरला.

दुसरं खातं सेव्हिंग की करंट? सेव्हिंगवर थोडंफार व्याज मिळतं, करंटवर नाही, वर मिनिमम बॅलन्सही सहसा जास्त. तरी करंटच काढा, कारण सेव्हिंगमधून धंदा चालवला तर बँक कधीही आक्षेप घेऊ शकते. उद्यम सर्टिफिकेट आणि गुमास्ता असला की बहुतेक ठिकाणी काम होतं. खातं निघाल्या निघाल्या काउंटरवरचा क्यूआर बदला, आमच्याकडे जुनाच महिनाभर चिकटलेला होता नि सगळे पाहुणे माझ्या घरच्या खात्यात पैसे टाकत होते!

आता उचल. काहीजण गल्ल्याच्या 40 टक्के घेतात. ऐकायला बरं वाटतं, पण मेमध्ये गल्ला 1,80,000 झाला तर उचल 72,000 आणि जुलैत 8,000 झाला तर 3,200, आणि शाळेची फी काय गल्ला बघून येत नाही. शिवाय गल्ला म्हणजे नफा नव्हे, गर्दीत बाजारहाट आणि कामाची माणसंही वाढतात. ज्याचा धंदा बारमाही सारखा चालतो त्याला टक्का चालेल, आपल्याकडे नाही.

ठरलेल्या रकमेचा माझा हिशोब असा: वर्षाचा गल्ला 9,60,000, धंद्याचा खर्च 5,40,000, उरले 4,20,000. त्यातले 60,000 टॅक्स आणि डागडुजीला बाजूला, राहिले 3,60,000, म्हणजे महिना 30,000. पण मी 25,000च उचलतो, एखादी दिवाळी पावसात गेली तरी ओढाताण नको. एक तारखेला आपोआप घरच्या खात्यात जातात. ही उचल खर्चात धरता येत नाही, टॅक्स नफ्यावर लागतो, तुम्ही किती घेतलं त्यावर नाही.

खरी परीक्षा 31 मेला. जून ते सप्टेंबर चार उचली म्हणजे 1,00,000, बंद काळातला लाइट-राखणदार वगैरे महिना 12,000 धरून 48,000 आणि सीझनआधीच्या रंगाला 40,000, मिळून 1,88,000 करंट खात्यात पायजेत. नसतील तर उचल जूनपासूनच कमी करा, गणपतीच्या तोंडावर नको, तेव्हा घरात कोणी ऐकत नाही.

एक घोळ मात्र अजून सुटलेला नाही, मासे. पाहुण्यांच्या सुरमईबरोबर घरचे बांगडे एकाच टोपलीत येतात. बायको आता घरच्या बांगड्यांचे पैसे वेगळ्या पाकिटातून देते, मी विसरतो.