घसरणीच्या काळातले एक ईमेल आणि त्यानंतरचे पाच महिने: एका छोट्या पीएमएसचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यातले आडत दुकान मुलाच्या हाती दिल्यावर मी जून २०२३ मध्ये ५५ लाख रुपये एका छोट्या पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिसमध्ये, म्हणजे आपण ज्याला पीएमएस म्हणतो त्यात, गुंतवले. सेबीच्या नियमाप्रमाणे पीएमएसमध्ये किमान ५० लाख रुपये लागतात. म्युच्युअल फंडात युनिट मिळतात, पण इथे शेअर आपल्याच नावाच्या डिमॅट खात्यात राहतात आणि मॅनेजर आपल्या वतीने त्यांची खरेदी-विक्री करतो. संस्थेचे नाव मी देणार नाही. मॅनेजर हुशार आहेत, माणसे मोजकी आहेत आणि फोन ते स्वतः उचलतात. चांगल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फार काही नसते. म्हणून २ मार्च २०२५ च्या रविवारी संध्याकाळी त्यांनी पाठवलेले ईमेल आणि त्यात लिहिलेले नियम पुढे प्रत्यक्षात कसे चालले, एवढ्याविषयीच लिहितो.

आधी माझे आकडे सांगतो. ३१ मार्च २०२४ रोजी फी वजा जाता माझे मूल्य ६० लाख होते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बाजार शिखरावर होता, २७ तारखेला निफ्टी २६,२७७ पर्यंत जाऊन आला, तेव्हा माझे मूल्य ६६ लाख झाले. २८ फेब्रुवारी २०२५ ला ते ५२ लाख ८० हजारांवर आले. शिखरापासून १३ लाख २० हजारांची, म्हणजे नेमकी २० टक्के घसरण. यालाच ते ड्रॉडाउन म्हणतात: मुद्दलापासून नव्हे, तर आधीच्या सर्वोच्च मूल्यापासून मोजलेली घट.

ईमेलच्या पहिल्याच वाक्यात घसरणीचा आकडा होता, हे मला आवडले. दुसऱ्या परिच्छेदात ती भरून निघायला २० नव्हे, २५ टक्के वाढ लागेल असे स्पष्ट लिहिले होते, कारण वाढ आता ५२ लाख ८० हजारांवर मोजायची. आडतीवर बसलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले होते, आणि तोच भाव पुन्हा येईल म्हणून घरात थप्प्या लावून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. भाव निम्म्यावर आल्यावर तो परत दुप्पट व्हावा लागतो, हे त्यांना थप्पीकडे बघून कळत होते, पण माल बाहेर काढवत नव्हता.

तिसऱ्या परिच्छेदात घसरणीची फोड होती आणि सगळ्या ईमेलमध्ये तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. १३ लाख २० हजारांपैकी सुमारे ५ लाख ४० हजार तीन शेअरमधून गेले होते. त्यातले दोन बाजाराबरोबर पडले, पण तिसऱ्याबाबत चूक आमची, असे त्यांनी लिहिले. त्या कंपनीची विक्री वाढत होती, पण ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम त्याहून वेगाने वाढत होती. तिमाहीमागून तिमाही ते दिसत असूनही शेअर ठेवला गेला. आमच्या भाषेत सांगायचे तर उधारी फुगत होती आणि दुकान मात्र जोरात चालल्यासारखे दिसत होते. ‘बाजारच पडला’ एवढ्यावर त्यांना सहज भागवता आले असते, पण तसे त्यांनी केले नाही.

त्यानंतर पुढचे नियम होते. एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. पीएमएसमध्ये घसरण किती झाली की विक्री करायची, याची मर्यादा सेबीने घालून दिलेली नाही. तो नियम मॅनेजरचा स्वतःचा असतो आणि आमच्या कराराच्या जोडपत्रात तो होता. महिनाअखेरीस एकूण योजनेची घसरण २० टक्के किंवा जास्त असेल, तर दहा व्यवहार दिवसांत शेअरमधला हिस्सा निम्म्यावर आणायचा आणि सुटलेली रक्कम लिक्विड फंडात ठेवायची. निफ्टी ५०० निर्देशांक महिन्याच्या शेवटच्या दिवशी आपल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाला, की त्यातली अर्धी रक्कम परत शेअरमध्ये न्यायची, आणि पुढच्या महिनाअखेरीसही तो वर राहिला, तर उरलेली. सही करताना हे जोडपत्र मी वाचले होते, पण घाईतल्या वाचण्याला वाचणे म्हणत नाहीत.

विक्री ३ मार्चच्या सोमवारी सुरू झाली. १४ तारखेला धुळवडीची सुट्टी धरली, तर दहावा व्यवहार दिवस १७ मार्च येत होता, पण प्रत्यक्षात काम २१ मार्चला संपले. एका छोट्या कंपनीच्या शेअरला सलग तीन दिवस ५ टक्क्यांचे खालचे सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा पडू शकतो ती मर्यादा, लागले होते. स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग दिसत होती आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. निम्मे करा म्हणणे सोपे असते. पण ज्या शेअरचा रोजचा व्यवहारच तुटपुंजा, त्यात सगळ्या ग्राहकांचा माल एकदम काढायचा म्हटले की भाव आपणच पाडतो. याचा ईमेलमध्ये उल्लेखही नव्हता, आणि ही त्यातली पहिली उणीव.

दुसरी उणीव कराची. शेअर आपल्या नावावर असल्यामुळे नियमाने झालेल्या विक्रीचा नफा-तोटाही आपल्याच विवरणपत्रात येतो. माझे जून २०२३ चे काही शेअर अजूनही नफ्यात होते, त्यांच्या विक्रीतून ३ लाख १० हजारांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला. अलीकडे घेतलेल्या शेअरमध्ये १ लाख ९० हजारांचा अल्प मुदतीचा तोटा झाला. अल्प मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो, त्यामुळे निव्वळ नफा १ लाख २० हजार उरला. तो सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसला आणि कर लागला नाही. हे नशीब होते. मूल्य पडलेल्या वर्षातही कर भरावा लागू शकतो, हे ईमेलमध्ये एका ओळीत तरी यायला हवे होते.

माझे मेहुणे परभणीला असतात. माझे ऐकून त्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे शिखराच्या जेमतेम महिनाभर आधी, ५० लाख गुंतवले होते. ईमेल आले त्याच रात्री त्यांचा फोन आला. “दाजी, निदान पाच लाख तरी काढता येतील का? पोरीच्या ॲडमिशनचं बघायचंय.” त्यांचे मूल्य तेव्हा ४० लाख २० हजार होते. मूल्य बाजारामुळे ५० लाखांखाली गेले तर वरून पैसे भरावे लागत नाहीत, पण थोडे पैसे काढायचे असतील, तर काढल्यानंतर किमान ५० लाख उरावे लागतात. म्हणजे त्यांच्यापुढे राहायचे किंवा पूर्ण बाहेर पडायचे, असे दोनच मार्ग. बाहेर पडायचे तर पहिल्या वर्षी ३ टक्क्यांपर्यंत एक्झिट लोड लावता येतो, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १ आणि त्यानंतर काहीच नाही. त्यांच्या करारात ३ टक्केच होता, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार रुपये. माझ्याच बाबतीत बघितले, तर मलाही जास्तीत जास्त २ लाख ८० हजारच काढता आले असते. घसरणीत पैसे अडकतात ते असे, आणि ईमेलमध्ये नेमके हेच नव्हते. ॲडमिशनचे पैसे शेवटी मी दिले. मेहुणे नातेवाइकाच्या माहितीवर विसंबून आले होते, तेव्हा तेवढे माझ्याकडे लागतच होते.

आता हाय वॉटर मार्कविषयी, कारण यात माझा स्वतःचा गैरसमज झाला होता. आमच्या करारात १.५ टक्का ठरावीक फी आणि नफ्यावर १५ टक्के कामगिरी फी आहे. आधीची उच्च पातळी, म्हणजेच हाय वॉटर मार्क, पार केल्याशिवाय कामगिरी फी घेता येत नाही, हे सेबीचे बंधन आहे. ईमेलमध्ये ‘तोटा भरून निघेपर्यंत आम्ही कामगिरी फी घेणार नाही’ असे वाक्य होते, आणि ती पातळी ६६ लाख असणार असे मी धरून चाललो. पण ही पातळी फी आकारण्याच्या तारखेच्या मूल्यावरून ठरते. आमची फी ३१ मार्चला आकारली जाते, म्हणून माझी पातळी ६० लाख. सप्टेंबरचे ६६ लाख हिशेबात कुठेच नाहीत. म्हणजे माझा तोटा भरून यायला २५ टक्के वाढ लागणार होती आणि मॅनेजरची फी सुरू व्हायला १४ टक्क्यांहूनही थोडी कमी. यात नियमबाह्य काही नाही. मात्र घसरण एका शिखरावरून मोजली आणि फीची पातळी दुसऱ्या, तर ईमेलमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यायला हवेत. मी तसे लिहून कळवले. जूनच्या तिमाही अहवालात प्रत्येक ग्राहकाची स्वतःची पातळी वेगळ्या रकान्यात आली. मेहुण्यांची पातळी अर्थातच त्यांचे मुद्दल, ५० लाख.

एक तक्रार मात्र अजून तशीच आहे. निम्मी रक्कम लिक्विड फंडात असतानाही १.५ टक्का फी पूर्ण रकमेवर लागत राहिली. २६ लाख ४० हजारांवर तीन महिन्यांची फी जीएसटीसह सुमारे ११,७०० रुपये झाली. करारात एकूण मूल्यावर फी असे लिहिले आहे, असे उत्तर आले. उत्तर बरोबर आहे, पण लिक्विड फंड तर मी बँकेतून स्वतःही घेतला असता.

परतीची अट मे अखेर पूर्ण झाली आणि जून अखेर दुसऱ्यांदा. दरम्यान बाजार बराच वर आला होता. माझ्या शेअरमधल्या २६ लाख ४० हजारांचे १२ टक्क्यांनी वाढून साधारण २९ लाख ६० हजार झाले, लिक्विडमधल्या तेवढ्याच रकमेचे २६ लाख ८० हजार. मिळून ५६ लाख ४० हजार. काहीच विकले नसते तर हाच आकडा ५९ लाखांच्या थोडा वर असता. म्हणजे नियम पाळण्याची किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास पडली, कारण विक्री नेमकी तळाजवळ झाली. मे अखेरच्या ईमेलमध्ये मॅनेजरनी ही तुलना स्वतःहून दिली होती आणि नियम बदलणार नाही असेही लिहिले होते. बाजार आणखी पंधरा टक्के पडला असता, तर हाच नियम मला शहाणपणाचा वाटला असता, हे मला कळते, तरीही तो आकडा पाहून त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

ऑगस्टमध्ये मेहुण्यांचे वर्ष पूर्ण होऊन त्यांचा एक्झिट लोड २ टक्क्यांवर आला. आम्ही दोघांनी बसून त्यांचा हिशेब मांडला. त्यांनी पूर्ण बाहेर पडायचे ठरवले आणि अल्प मुदतीचा तोटा पुढच्या आठ वर्षांपर्यंत ओढता यावा म्हणून विवरणपत्र मुदतीत भरण्याचे त्यांच्या सीएंना बजावले. मी राहिलो. फक्त नव्या आर्थिक वर्षासाठी मॅनेजरना एक लेखी विनंती पाठवली आहे: २० टक्क्यांची वेळ पुन्हा आली, तर त्या ईमेलमध्ये ज्याचे मूल्य ५० लाखांखाली गेले असेल, त्याला तो काय काढू शकतो आणि काय नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. अजून उत्तर आलेले नाही.