लाल ज्योतीचे छायाचित्र: लिथियम, स्ट्रॉन्शियम की कॅल्शियम?

ज्योत परीक्षेचे एखादे छायाचित्र समोर ठेवून "यात कोणत्या धातूचा क्षार आहे?" असे विचारले जाते, तेव्हा सर्वांत जास्त चुका लाल ज्योतीबाबत होतात. हिरव्या ज्योतीत बेरियम आणि तांबे यांची गल्लत होते हे खरे. परंतु तांब्याचे क्षार बहुधा स्वतःच निळे किंवा हिरवे असतात आणि बेरियमचे नेहमीचे क्षार पांढरे असतात, त्यामुळे ज्योतीशेजारी वॉचग्लासमधील नमुना दिसत असेल तर निर्णय बराच सोपा होतो. लिथियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम या तिघांचे प्रयोगशाळेतील नेहमीचे क्षार मात्र पांढरे किंवा रंगहीन असतात आणि तिघांचीही ज्योत लाल म्हणूनच सांगितली जाते. म्हणून या तिघांचीच तुलना येथे केली आहे.

पुस्तकांत लिथियमसाठी किरमिजी, स्ट्रॉन्शियमसाठी गडद लाल किंवा शेंदरी आणि कॅल्शियमसाठी विटकरी लाल अशी वर्णने आढळतात. ही वर्णने डोळ्यांनी पाहिलेल्या ज्योतीची आहेत. कॅमेरा ज्योत वेगळ्या रीतीने पाहतो, त्यामुळे या शब्दांशी छायाचित्रातील रंग ताडून पाहणे पुरेसे ठरत नाही. ज्योतीतून प्रत्यक्षात कोणता प्रकाश बाहेर पडतो हे आधी लक्षात घ्यावे लागते.

लिथियमचा लाल रंग जवळजवळ एकाच वर्णरेषेमुळे येतो आणि तिची तरंगलांबी सुमारे 671 नॅनोमीटर असते. स्ट्रॉन्शियमचा लाल रंग मुख्यतः ज्योतीत तयार होणाऱ्या त्याच्या हायड्रॉक्साइड आणि क्लोराइड रेणूंच्या रुंद पट्ट्यांतून येतो. हे पट्टे साधारणपणे 600 ते 690 नॅनोमीटरच्या दरम्यान पसरलेले असतात. त्याखेरीज स्ट्रॉन्शियमच्या अणूची 460.7 नॅनोमीटरची एक निळी रेषाही असते. कॅल्शियमच्या बाबतीतही रंगाचे मूळ रेणूंच्या पट्ट्यांतच आहे, पण त्याचा एक पट्टा 622 नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल भागात आणि दुसरा 554 नॅनोमीटरच्या आसपास हिरव्या भागात पडतो. कॅल्शियमच्या ज्योतीला विटेची छटा येते ती या हिरव्या भागाच्या मिसळणीमुळे, आणि छायाचित्रावरून निर्णय करताना सर्वाधिक उपयोगाचा फरकही हाच आहे. लिथियम व स्ट्रॉन्शियमच्या ज्योतीत हिरवा प्रकाश अगदी थोडा असतो, तर कॅल्शियमच्या ज्योतीत तो ठळक असतो.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकारचे गाळक असतात आणि प्रत्येक बिंदूचा रंग या तीन आकड्यांनीच नोंदवला जातो. त्यामुळे कॅल्शियमला इतर दोघांपासून वेगळे करणे छायाचित्रावरून तत्त्वतः शक्य आहे, कारण तेथे हिरव्या घटकात खरोखर फरक पडतो. लिथियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्यात मात्र एकाची अरुंद रेषा आणि दुसऱ्याचे रुंद पट्टे हाच मुख्य भेद असतो. दोन्ही प्रकाश लाल गाळकातूनच आत जात असल्यामुळे तीन आकड्यांत हा भेद जवळजवळ पुसला जातो. त्यात भर म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश अडवणारा गाळक असतो आणि तो 650 नॅनोमीटरच्या पुढे हळूहळू लाल प्रकाशही कापू लागतो. त्यामुळे लिथियमची ज्योत डोळ्यांना जितकी तेजस्वी वाटते, तितकी छायाचित्रात कित्येकदा दिसत नाही. मग बर्नरच्या स्वतःच्या निळ्या प्रकाशाचा वाटा वाढतो आणि ज्योत गुलाबी-जांभळट भासू लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की केवळ रंगछटेवरून लिथियम आणि स्ट्रॉन्शियम यांतून एक निवडू नये. "हा शेंदरी आहे आणि तो किरमिजी आहे" असे छायाचित्र पाहून ठामपणे सांगणारा माणूस बहुधा कॅमेऱ्याच्या सेटिंगचेच वर्णन करत असतो.

कॅल्शियमचा निर्णय तुलनेने सोपा असला तरी त्यात दोन फसवे प्रसंग आहेत. पहिला प्रसंग जादा एक्स्पोजरचा. ज्योत भोवतालच्या अंधारापेक्षा पुष्कळ तेजस्वी असते, आणि फोनचा कॅमेरा संपूर्ण चौकटीचा सरासरी उजेड मोजून चित्र उजळ करतो. अशा वेळी लाल घटक 255 या कमाल आकड्यावर जाऊन अडकतो, पण हिरवा घटक वाढतच राहतो, त्यामुळे ज्योतीचा गाभा आधी नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी पांढरा दिसू लागतो. स्ट्रॉन्शियमची तेजस्वी ज्योत अशा छायाचित्रात हुबेहूब कॅल्शियमसारखी दिसू शकते. म्हणून रंग गाभ्यावरून कधीही ठरवू नये. ज्योतीच्या कडेला, जेथे लाल घटक 255 पेक्षा स्पष्टपणे कमी आहे, तेथील रंग वाचावा.

दुसरा प्रसंग सोडियमच्या अशुद्धीचा आहे, आणि त्यावर केवळ छायाचित्र पाहून मात करता येत नाही. सोडियमची 589 नॅनोमीटरची पिवळी जोडरेषा इतकी तीव्र असते की नमुना ज्योतीत धरायच्या तारेला बोट लागल्याने आलेले मीठसुद्धा ती दाखवते. हा पिवळा प्रकाश कॅमेऱ्याच्या लाल आणि हिरव्या या दोन्ही गाळकांतून जातो. परिणामी किंचित सोडियम मिसळलेली लिथियमची किंवा स्ट्रॉन्शियमची ज्योत नारिंगी होते आणि हिरव्या घटकाचा आकडा कॅल्शियमच्या बाजूला झुकतो. पिवळ्या रंगाचे तुटक फराटे आणि शुद्ध लाल रंगाचे भाग एकाच ज्योतीत अलग दिसत असतील तर सोडियमचा संशय घ्यावा, पण खात्री मात्र त्याच सेटिंगवर काढलेल्या कोऱ्या तारेच्या छायाचित्रानेच होते. प्लॅटिनमची किंवा नायक्रोमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरावी आणि ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. त्यानंतरच नमुना घ्यावा. असे तुलनेचे छायाचित्र सोबत नसेल, तर "कॅल्शियम" हे उत्तर शक्यता म्हणूनच लिहावे.

कॅमेऱ्याने रंगांचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, बिघडवला आहे का ही शंका तपासण्यासाठी फार खटपट करावी लागत नाही. चौकटीत पांढरी टाइल किंवा कागद असेल तर तो पांढराच दिसतो का, आणि बर्नरच्या तोंडाशी असलेला आतला शंकू निळा दिसतो का, हे पाहिले की पुरे. दोन्हींवर पिवळट किंवा जांभळट झाक असेल तर त्या छायाचित्रातील छटांवर विसंबू नये.

आता एक काल्पनिक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, पांढऱ्या क्षाराच्या ज्योतीचे एक छायाचित्र आहे. गाभ्यातील एका बिंदूचे लाल, हिरवा व निळा हे आकडे 255, 196 आणि 120 आहेत, तर कडेच्या बिंदूचे 214, 48 आणि 66 आहेत. हे आकडे प्रकाशाच्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून ते फक्त परस्परांशी तुलना करण्यापुरते वापरायचे. गाभा पाहून नवखा वाचक कॅल्शियम म्हणेल, परंतु तेथे लाल घटक कमाल मर्यादेला अडकलेला असल्यामुळे तो पुरावा बाद होतो. कडेला हिरवा घटक लालच्या तुलनेत फारच कमी आहे. तो कॅल्शियमच्या हिरव्या पट्ट्याशी जुळत नाही, म्हणून कॅल्शियम मागे पडते. निळा घटक हिरव्यापेक्षा जास्त आहे, हे पाहून स्ट्रॉन्शियमची निळी रेषा सापडली असे समजण्याचा मोह होईल. मात्र बर्नरची ज्योत स्वतः 431 आणि 474 नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते, त्यामुळे हा निष्कर्षही काढता येत नाही. इतक्या माहितीवर प्रामाणिक उत्तर "लिथियम किंवा स्ट्रॉन्शियम" एवढेच राहते.

येथून पुढे दोन वाटा आहेत. छायाचित्र पुन्हा काढणे शक्य असेल तर अंधाऱ्या खोलीत काळ्या पुठ्ठ्यातील अरुंद फटीतून ज्योत पाहावी आणि फोनच्या भिंगासमोर प्रकाशातील रंग वेगळे पाडणारी विवर्तन जाळी धरावी. जाळी नसेल तर चकाकणारा थर सोलून काढलेला डीव्हीडीचा पारदर्शक तुकडाही चालतो. बर्नरचा आतला शंकू टाळून ज्योतीचा वरचा भाग फटीसमोर आणला, तर लिथियम असल्यास लाल भागात एकच बारीक रेषा दिसते. स्ट्रॉन्शियम असल्यास नारिंगीपासून लालपर्यंत अनेक रुंद पट्टे दिसतात आणि दूर निळ्या भागात एक अरुंद रेषा दिसते. दोन्हींत सोडियमची पिवळी रेषा बहुधा असणारच, पण येथे ती वेगळी पडत असल्याने गोंधळ करत नाही, उलट मोजमापाची खूण म्हणून उपयोगी पडते. रॉबर्ट बुन्सेन हे सुरुवातीला रंगीत काचा व द्रावणांतून ज्योती पाहत असत आणि गुस्ताव किर्खोफ यांनी त्यांना प्रकाश प्रिझममधून पाहण्याचे सुचवले. त्यानंतर 1860 मध्ये सीझियम आणि 1861 मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये याच पद्धतीने सापडली.

नमुना हाताशी असेल तर दुसरी वाट अधिक स्वस्त आणि माझ्या मते अधिक खात्रीची आहे. क्षाराच्या पाण्यातील द्रावणात जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे, संपृक्त द्रावण घालावे. स्ट्रॉन्शियम असेल तर काही वेळाने, विशेषतः गरम केल्यावर, पांढरा साका येतो. लिथियम आणि कॅल्शियम या दोघांचा साका येत नाही. साका लगेच आला तर तो बेरियमचा असण्याची शक्यता असते, परंतु त्याची ज्योत हिरवी असल्याने आपल्या उदाहरणात तो प्रश्न येत नाही. क्षार पाण्यात विरघळत नसेल तर आधी तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावा लागतो.

छायाचित्र कोठून आले आहे, यालाही निर्णयात वजन आहे. ते बारावीच्या गुणात्मक विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकातील असेल, तर पाचव्या गटात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम हेच असतात व लिथियम सहसा यादीत नसते. तेव्हा वरच्या उदाहरणात कॅल्शियम बाजूला पडताच स्ट्रॉन्शियम उरते, आणि मग अमोनियम सल्फेटने येणाऱ्या पांढऱ्या साक्याने त्याची खातरजमा करता येते. मात्र रंगीत ज्योतींच्या प्रात्यक्षिकासाठी क्षार निवडले असतील, तर त्यांत लिथियम क्लोराइड हमखास असते. तेथे लिथियमला यादीतून वगळणे चूक ठरेल.

शेवटी, उत्तरपत्रिकेत काय लिहावे याविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. लाल ज्योत फक्त धातू सुचवते. स्ट्रॉन्शियमचा क्षार क्लोराइड आहे की नायट्रेट, हे ज्योतीच्या रंगावरून ठरत नाही. तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली असल्यामुळे बहुतेक नमुने ज्योतीत जाण्यापूर्वीच काही अंशी क्लोराइड झालेले असतात, म्हणून आम्ल मूलकाची परीक्षा मूळ क्षारावर स्वतंत्रपणे करावी लागते आणि तोवर उत्तरात "स्ट्रॉन्शियमचा क्षार" एवढेच लिहिणे योग्य आहे.