चेन कोड: आरंभ ठरवायचा, फरक घ्यायचा की जाळीच फिरवायची?

टेबलावर अक्रिलिकचे कापलेले तुकडे पडलेत, वर कॅमेरा आहे आणि कोणता तुकडा कोणता हे ओळखायचंय. चेन कोड वापरायचा एवढं ठरलेलं असतं, पण पुढे गाडी अडते: तो सामान्य कितपत करायचा, म्हणजे फेरी कुठून सुरू झाली आणि तुकडा किती फिरलाय यांचा परिणाम किती पुसायचा? यावर तीन उत्तरं आहेत. ती एकाच जिन्याच्या पायऱ्या असल्यासारखी शिकवली जातात, त्यामुळे सगळ्यात वरची ती सगळ्यात चांगली असा समज होतो. मला तसं वाटत नाही. तिन्हींची किंमत वेगळी आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी दगा देतात.

हर्बर्ट फ्रीमन यांनी १९६१ मध्ये मांडलेली चेन कोडची कल्पना साधी आहे. आकाराच्या कडेने चालायचं आणि प्रत्येक पावलाची फक्त दिशा लिहायची. चार दिशांच्या रूपात ० म्हणजे उजवीकडे, १ वर, २ डावीकडे, ३ खाली. चौकटीच्या वहीत तीन घरांचा ‘एल’ काढा: खाली शेजारी शेजारी दोन घरं, आणि डाव्या घराच्या डोक्यावर तिसरं. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून घड्याळाच्या उलट दिशेने रेषांवरून फिरलं की मिळतं ००१२१२३३. हेच तीन पावलं पुढून सुरू केलं तर २१२३३००१. आकार तोच, फक्त फेरी दुसरीकडून सुरू झाली.

पहिला पर्याय एवढ्यावरच इलाज करतो. आकड्यांची माळ गोल समजायची, ती सगळ्या जागांवरून वाचायची आणि सगळ्यात लहान संख्या देणारं वाचन ठेवायचं. वरच्या दोन्ही माळांमधून ००१२१२३३ हेच येतं. आता तोच ‘एल’ घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. प्रत्येक दिशेत एक मिळवला जातो (३ चा ० होतो), माळ ११२३२३०० होते आणि तिचं सगळ्यात लहान वाचन ००११२३२३. म्हणजे फिरवलेला तुकडा या पद्धतीला वेगळाच तुकडा वाटतो. छापील आकडे ओळखायचे असतील तर मला नेमकं हेच हवं असतं, कारण इंग्रजी 6 अर्धा वळसा फिरवला की 9 होतो. तिथे फिरण्याचा फरक पुसून टाकणं म्हणजे हातातली माहिती फेकून देणं.

तुकडे टेबलावर कसेही पडत असतील तर दुसरा पर्याय. दिशा लिहायची नाही, दिशेतला बदल लिहायचा: या पावलाची दिशा वजा मागच्या पावलाची, चारने भागून उरेल ती बाकी. सरळ गेलात तर ०, डावीकडे वळलात तर १, उजवीकडे वळलात तर ३. आपल्या ‘एल’साठी १०११३११० येतं. फिरवलेल्या ‘एल’च्या ११२३२३०० मधूनही १०११३११० च येतं, कारण सगळ्या दिशांत सारखीच भर पडली तर वजाबाकीत ती उडून जाते. मग या फरकांच्या माळेचं सगळ्यात लहान वाचन घ्यायचं: ०१०११३११. यालाच शेप नंबर म्हणतात. एखाद्या पुस्तकात याच आकारासाठी ०३०३३१३३ दिसलं तर घाबरू नका. तिथे फेरी घड्याळाच्या दिशेने मारलेली असते, म्हणून १ आणि ३ यांची अदलाबदल झालेली असते.

पायथॉनमध्ये एवढंच:

```python
def shape_number(c, m=4):
    n = len(c)
    d = [(c[i] - c[i-1]) % m for i in range(n)]
    return tuple(min(d[i:] + d[:i] for i in range(n)))
```

या चार ओळींत दोन गोष्टी फुकटात मिळाल्यात. `c[-1]` म्हणजे शेवटचा आकडा, त्यामुळे पहिला फरक आपोआप शेवटच्या पावलाशी जोडला जातो. आणि पायथॉनचा `%` उणे संख्येचीही बाकी धन देतो. हेच सी भाषेत जसंच्या तसं उतरवलंत तर पहिल्या ठिकाणी कचरा वाचला जाईल आणि दुसऱ्या ठिकाणी ३ ऐवजी उणे १ मिळेल.

माळ गोल न जोडण्याची चूक सगळ्यात जास्त दिसते. आठ पावलांतून सातच फरक घेतले तर पहिल्या आरंभापासून ०११३११० येतं, दुसऱ्यापासून ३११०१०१. त्यांची सगळ्यात लहान वाचनं ००११३११ आणि ०१०१३११. जुळत नाहीत, कारण गळलेला फरक दोन्ही वेळा वेगळ्या कोपऱ्यातला होता. दुसरी चूक क्रमाची. आधी मूळ माळेचा आरंभ ठरवायचा आणि मग फरक काढून थांबायचं. उभ्या ‘एल’ला १०११३११० मिळतं आणि फिरवलेल्याला १०१०११३१. फरक आधी, सगळ्यात लहान वाचन शेवटी. हा क्रम उलटला की दोन्ही कामं केलेली असूनही हाती काही लागत नाही.

पडताळा करायला एक सोपी युक्ती आहे. फरकांतला ३ हा उणे १ धरा आणि बेरीज करा. आपल्या माळेत पाच डावी वळणं आणि एक उजवं, म्हणजे ४. स्वतःला न छेदणारी कुठलीही बंद कड घड्याळाच्या उलट फिरलात तर बेरीज ४ च येणार. उणे ४ आली तर फेरी उलटी झाली आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे चित्रात वाय अक्ष खाली वाढतो, वहीत वर. ३ किंवा ५ आलं तर एखादा फरक गळलाय, म्हणजे माळ गोल जोडलेली नाही. पाऊलच गळलं तर मात्र बेरीज अनेकदा ४ च राहते, त्यामुळे ते वेगळं तपासावं लागतं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत कड शोधणाऱ्या `findContours`ला `CHAIN_APPROX_SIMPLE` दिलं की सरळ पट्ट्यांचे मधले बिंदू टाकून दिले जातात आणि सलग पावलं उरतच नाहीत. इथे `CHAIN_APPROX_NONE` लागतं.

ओपनसीव्हीचा विषय निघालाच आहे तर आठ दिशांचंही सांगतो. `findContours`ची कड पिक्सेलच्या मध्यांवरून आठ दिशांनी जाते: ० उजवीकडे, आणि घड्याळाच्या उलट दर ४५ अंशांना पुढचा आकडा, ७ पर्यंत. आपला तीन घरांचा ‘एल’ म्हणजे तीन पिक्सेल धरले तर फेरी तीनच पावलांची: ०, ३, ६. आता आठने भागून बाकी घ्यायची, म्हणून फरक २, ३, ३, आणि पूर्ण फेरीची बेरीज ८, हिशेब बरोबर. पण हा झाला त्रिकोण, ‘एल’ची आतली खाच गेली. खाचा आणि दाते महत्त्वाचे असतील तर पिक्सेलच्या कडांवरून चार दिशांनी चालावं. माळ लांबते, पण काही बुजत नाही.

आता दुसऱ्या पर्यायाची खरी मर्यादा. ‘फिरवण्याने बदलत नाही’ हे वाक्य पाव वळशापुरतं तंतोतंत खरं आहे. आठ दिशा घेतल्या की ४५ अंशांपर्यंत चालतं असं कागदावर दिसतं, पण प्रत्यक्षात नाही. बाजूला २० पावलं असलेला चौरस घ्या, एकूण ८० पावलं. तो ४५ अंशांत फिरवला की बाजू तिरकी होते आणि तिरकं पाऊल २ च्या वर्गमुळाइतकं लांब असल्यामुळे बाजूला साधारण १४ च पावलं लागतात, एकूण ५६. चार दिशांत उलटं होतं: तिरकी बाजू जिन्यासारखी चढते आणि एकूण ११२ पावलं होतात, फरकांची माळ १३१३१३ अशी. ८० आकड्यांची माळ ५६ किंवा ११२ आकड्यांच्या माळेशी जुळणार कशी? २० अंशांच्या फिरवण्यात तर काही विचारू नका. वजाबाकीने दिशा बदलल्याचा परिणाम जातो, पण जाळीवर कड नव्याने उमटते त्याचं काय?

म्हणून तिसरा पर्याय: आकार फिरवण्याऐवजी जाळीच आकाराच्या अंगाने लावायची. कडेवरच्या सगळ्यात दूरच्या दोन बिंदूंमधली रेषा हा मोठा अक्ष, त्याला लंब असा लहान अक्ष, आणि दोघांभोवती बसणारा आयत. माळेत किती आकडे हवेत ते आधी ठरवायचं, समजा १८. परिमिती १८ असणारे आयत चारच: १×८, २×७, ३×६, ४×५. आपल्या आयताचं गुणोत्तर २ च्या जवळ असेल तर ३×६ घ्यायचा, त्याच्या घरांची जाळी आकारावर ठेवायची, निम्म्याहून जास्त भरलेली घरं आकारात धरायची आणि त्या कडेचा शेप नंबर काढायचा. आता तुकडा २० अंशांत पडो की ७० अंशांत, जाळी त्याच्याबरोबर वळते. कॅमेऱ्याची उंची बदलली तरी चालतं, कारण आकड्यांची संख्या आपण बांधून घेतली आहे. कडेवरचा एखादा पिक्सेल उडाला तरी जाड जाळीला बहुधा कळतही नाही, जे दुसऱ्या पर्यायात घातक असतं: तिथे कडेवर एक फोड आली की माळ दोन आकड्यांनी लांबते. सगळ्यात लांब शून्यांची रांग मध्येच तुटली तर वाचनाचा आरंभसुद्धा आकाराच्या भलत्याच बाजूला उडी मारतो.

किंमत मात्र मोजावी लागते. गुणोत्तर १.६ च्या आसपास असेल तर ते ४×५ च्या १.२५ आणि ३×६ च्या २ यांच्या साधारण मध्यावर पडतं. मग मोजमापात जराशी चूक झाली की आयत बदलतो आणि माळ पूर्ण वेगळी होते. वर्तुळासारख्या आकारात मोठा अक्ष कुठेही लागतो. चौरसात दोन कर्ण सारखेच, कोणता निवडला जाईल ते एका पिक्सेलवर ठरतं. खोल खाचा असल्या तर १८ मागूनही २० किंवा २२ आकडे येतात. तेव्हा कमी परिमितीचा आयत घेऊन पुन्हा करायचं.

माझा कौल असा. छापील अक्षरं किंवा जागेवर पक्के बसवलेले सुटे भाग असतील तर पहिला. टेट्रिससारखे तुकडे, फरशांचे नमुने, सर्किटचे आराखडे, म्हणजे जे जाळीवरच जन्मतात आणि पाव वळशानेच फिरतात, त्यांना दुसरा. तिथे तो शंभर टक्के अचूक आहे, शेप नंबर थेट डिक्शनरीची की म्हणून वापरता येतो. हजारो पावलांच्या माळा असतील तर वरचा `min` फार हळू चालतो, तिथे सगळ्यात लहान वाचन झटपट शोधणारा बूथचा अल्गोरिदम वापरा. टेबलावर कसेही पडलेले, लांबट आणि मोजक्या प्रकारचे तुकडे असतील तर तिसरा. गोलसर, खडबडीत, एकमेकांसारखे दिसणारे आकार असतील, म्हणजे पानं किंवा धान्याचे दाणे, तर चेन कोडच्या मागे लागू नका, फूरिये वर्णकं घ्या, म्हणजे कड लहरींची बेरीज म्हणून मांडा. तिथे आरंभ आणि फिरणं दोन्ही फक्त लहरींच्या कलेत, म्हणजे फेजमध्ये जातात, आणि लहरींची परिमाणं तशीच राहतात.

एक शंका नेहमी येते, ती आरशाची. तुकडा पालथा पडला तर? तिन्ही पर्यायांत पालथा तुकडा वेगळा ठरतो. तो एकच धरायचा असेल तर फरकांची माळ उलट्या क्रमाने लिहून तिचंही सगळ्यात लहान वाचन काढा आणि दोघांतलं लहान ठेवा. आपला ‘एल’ स्वतःच सममित आहे, त्यामुळे ०१०११३११ उलट वाचलं तरी तेच येतं. चाचणीसाठी चार घरांचा ‘एल’ घ्या. आणि देवनागरी आकड्यांवर काम करत असाल तर हे अजिबात करू नका, नाहीतर ३ आणि ६ एकाच खणात जाऊन पडतील.