शिट्टी सरांकडे की निवाडा मुलांकडे?

सोलापुरात आठवीच्या मुलामुलींना अल्टिमेट हा फ्रिस्बीच्या डिस्कचा सांघिक खेळ एकत्र शिकवताना मी दोन्ही पद्धती वापरल्या. शिट्टी माझ्याकडे असली की खेळ भरभर चालतो. पण झेलताना धक्का लागला का, हे वीस पावलांवरून दिसत नाही, आणि पोरं डिस्क सोडून माझ्याच तोंडाकडे बघतात.

शिट्टी खिशात ठेवली की धक्का बसलेली मुलगीच ‘फाउल’ म्हणते. समोरच्याने मान्य केलं तर डिस्क तिला तिथेच मिळते, नाही म्हणाला तर फेकणाऱ्याकडे परत जाते. खरं कोण, हे ठरवायचंच नसल्याने वाद लांबत नाही. अडचण वेगळीच येते: लाजऱ्या मुली गप्प राहतात आणि दांडगी पोरं ऊठसूट ओरडतात.

म्हणून बोलण्याचा सराव मी बॅकहँड फेकीसोबतच घेतो. अंगठा वर, चार बोटं कडेच्या आत, शेवटी मनगटाचा झटका. डिस्क डगमगली तर झटका कमी पडला समजायचं. या सरावात राखणारा मुद्दाम फेकणारीच्या हाताला हलकेच लागतो. तिने मोठ्याने ‘फाउल’ म्हटल्याशिवाय पुढची फेक नाही. हे जमेपर्यंत सामना शिट्टीवरच ठेवतो, मग शिट्टी फक्त तास संपल्यावर वाजते.