चॉपरच्या डब्यातलं पहिलं कार्ड: आभारपत्र, क्यूआर कोड की पहिली कोशिंबीर?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या उद्योजकाने दोरीचा चॉपर बाजारात आणायचं ठरवलं. पहिली खेप ५०० नगांची. काही सांगलीतल्या गणपती पेठेतल्या दुकानांत जाणार, बाकीचे ऑनलाइन. भांडं, पातं, झाकण, बाहेरचा खोका, सगळं ठरलं होतं. आत टाकायचं छोटं कार्ड तेवढं राहिलं होतं आणि ते लिहायला माझ्याकडे आलं. त्यांच्यापुढे तीन पर्याय होते. एक, ब्रँडची ओळख करून देणारं आभारपत्र. दोन, फक्त क्यूआर कोड छापलेलं कार्ड. तीन, पहिला पदार्थ हातून करवून घेणारं कार्ड. याच पेचात असलेल्यांसाठी तिन्हींची तुलना इथे मांडतो. माझा कल कुठे आहे तेही लपवत नाही.

मजकुराला हात घालण्याआधी मी चार घरांत बंद खोका दिला, कार्डाशिवाय, आणि नुसता बघत बसलो. विश्रामबागेतल्या एका काकूंनी पातं भांड्यात ठेवलं, पण ते मधल्या खुंटीवर नीट बसलं नव्हतं. झाकण लावून दोरी ओढली तर आत नुसता खडखडाट. दुसऱ्या घरी भांडं काठोकाठ भरलं. खालच्या कांद्याचा लगदा झाला आणि वरच्या फोडी तशाच राहिल्या. तिसऱ्या घरी दोरी वरच्या दिशेने ओढली. त्यात ती भोकाच्या कडेला घासत होती, आणि अशीच ओढत राहिलं की तिथेच तिचे धागे सुटतात. चौथ्या घरी काम झकास झालं, पण नंतर झाकण नळाखाली धरलं. आतल्या गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये पाणी शिरलं आणि दुसऱ्या दिवशी दोरी अर्ध्यावर लटकत राहिली.

चारही घरांत यंत्र चांगलं होतं, तरी चौघींचं पहिलं मत ‘बेकार वस्तू’ असंच झालं असतं. म्हणून तिन्ही कार्डांना मी एकच कसोटी लावली. या चार अडचणींपैकी किती अडचणी हे कार्ड डबा उघडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत टाळतं?

आधी आभारपत्र. उद्योजकांनी स्वतः लिहून आणलेला मसुदा असा होता:

“अभिनंदन! आमच्या दर्जेदार उत्पादनाची निवड केल्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आपल्या स्वयंपाकघराचा अनुभव अधिक सुलभ आणि आनंददायी करण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. आपले समाधान हेच आमचे यश.”

भावना खरी आहे, त्यांच्याशी बोलताना ती कळते. पण हा मजकूर मिक्सरच्या, पंख्याच्या किंवा सायकलच्या खोक्यातही तसाच चालेल. वाचणारी बाई स्वयंपाकघरात उभी आहे, कांदा सोलून ठेवलाय, आणि कार्ड तिला काहीच करायला सांगत नाही. हे कार्ड मी एका घरी दिलं. पहिली ओळ वाचून ते खोक्यात परत गेलं आणि पातं पुन्हा खुंटीच्या बाजूलाच बसलं. माझ्या कसोटीवर चारपैकी शून्य.

आभारपत्राच्या तळाशी बहुतेक वेळा आणखी एक ओळ येते, ‘पाच तारे द्या, भेट मिळवा’. ही ओळ छापूच नका. बक्षीस देऊन अभिप्राय मागणं मोठ्या ऑनलाइन बाजारांच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी विक्री खातं अडचणीत येऊ शकतं. शिवाय अजून एकही कांदा न चिरलेल्या माणसाकडे तारे मागणं बरं दिसत नाही.

आभारपत्र शोभतं ते सणाच्या भेटवस्तूला, जिथे वस्तू वापरायची कशी हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुरणयंत्र किंवा पोळपाट-लाटणं असेल तर खुशाल आभारपत्र टाका.

दुसरा पर्याय, फक्त क्यूआर कोड. छपाई सोपी, भाषेची भानगड नाही आणि व्हिडिओत सगळं नीट दाखवता येतं. तरी डबा उघडतानाच्या क्षणाला तो मला जड वाटतो. हात ओले, फोन दुसऱ्या खोलीत, व्हिडिओ सुरू होईपर्यंत कांदा भांड्यात पडलेलासुद्धा असतो. सासूबाईंसाठी घेतलेला चॉपर असेल तर फोन सुनेच्या हातात आणि दोरी सासूबाईंच्या.

पण पुढच्या कामांसाठी कोड फार उपयोगी आहे. दोरी तुटली तर नवी कशी ओवायची, पातं कसं बदलायचं, हे कागदावर समजावणं कठीण आणि व्हिडिओत सोपं. म्हणून कोड कार्डावर असावा, मागच्या बाजूला. त्यात व्हिडिओचा थेट पत्ता भरू नका. स्वतःच्या संकेतस्थळाचा छोटा पत्ता भरा आणि तिथून व्हिडिओकडे वळवा. व्हिडिओ बदलला तरी छापलेली ५०० कार्डं वाया जात नाहीत. पत्ता छोटा असला की कोडातले चौकोन मोठे राहतात आणि साध्या फोनवरही तो पटकन वाचला जातो. आकार २ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि भोवती पांढरी मोकळी जागा हवीच. ती नसेल तर फोन अनेकदा कोड ओळखत नाही, आणि दोष मात्र कंपनीला लागतो.

तिसरा पर्याय, पहिल्या पदार्थाचं कार्ड. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पुढच्या बाजूचा अंतिम मजकूर असा:

“चला, आधी एका कांद्याची कोशिंबीर करू.
१. भांडं आणि पातं धुवून घ्या. पात्याला धार आहे, वरचा पांढरा दांडा धरूनच उचला.
२. पातं मधल्या खुंटीवर बसवा. दांडा धरून फिरवून बघा. अडखळलं नाही म्हणजे नीट बसलं.
३. कांद्याच्या चार फोडी टाका. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका.
४. झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवा.
५. एका हाताने झाकण दाबून धरा, दुसऱ्या हाताने दोरी आडवी ओढा. मूठ न सोडता दोरी आत जाऊ द्या. असं दहा वेळा.
झाला कांदा! आता दही, मीठ, कोथिंबीर तुमच्या हाताची.
झाकण पाण्यात बुडवू नका, ओल्या कापडाने पुसा.”

यात ‘कटिबद्ध’ नाही, ‘दर्जेदार’ नाही, तरी वाचणाऱ्याला आपुलकी जाणवते. ‘अडखळलं नाही म्हणजे नीट बसलं’ हे वाक्य शेजारीण सांगेल तसं आहे. खुणा डोळ्यांना, कानांना आणि हातांना कळणाऱ्या आहेत. ‘पातं व्यवस्थित बसवल्याची खात्री करा’ असं लिहिलं असतं तर खात्री करायची कशी, हा प्रश्न उरलाच असता.

धारेची सूचना पहिल्याच पायरीत आहे, कारण पातं पहिल्यांदा हातात येतं ते तिथेच. तळाशी लाल चौकटीत ‘सावधान’ लिहिलं तर बोट कापल्यावर वाचलं जातं. त्याच कारणाने कार्ड खोक्यात सगळ्यांत वर हवं, भांड्याच्या खाली नको. पात्याआधी कार्ड हातात आलं पाहिजे.

दहा वेळा हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. याच यंत्रात, तीन पाती असलेल्या दांड्यावर, मध्यम कांदा घेऊन आम्ही मोजला. तुमच्या चॉपरला पाच पाती असतील किंवा भांडं मोठं असेल तर आकडा वेगळा येईल. तो स्वतः मोजा, दुसऱ्याच्या कार्डावरून उचलू नका. कार्डाने दहा म्हटलं आणि कांदा चौदाला झाला, की पुढच्या ओळींवरचा विश्वास तिथेच संपतो.

मागच्या बाजूला एक लहान तक्ता: पोह्यांचा कांदा ५ ते ६ वेळा, कोशिंबीर १०, रश्श्याच्या वाटणासाठी १८ ते २०. त्याखाली चालणार नाही ते: हळकुंड, सुकं खोबरं, बर्फ. हळकुंड मुद्दाम लिहिलं. हळदीच्या पेठेचं गाव आहे, कुणीतरी घालून बघणारच, आणि पात्याची धार जाणार. मग एक ओळ: ‘दोरी आत जात नसेल तर ओढू नका, झाकण काढा, अडकलेली फोड काढा, तरीही गेली नाही तर फोन करा.’ शेजारी फोन नंबर, क्यूआर कोड आणि ब्रँडचं नाव. नाव मी पुढच्या बाजूला मोठं टाकू दिलं नाही, ते खोक्यावर आणि झाकणावर आहेच. अडचण आली की नजर जिथे जाते तिथे, नंबराला लागून नाव असलं की ते मदतीबरोबर लक्षात राहतं. आणि तक्त्यामुळे कार्ड फेकलं जात नाही. ज्या दोन घरी हे कार्ड दिलं, त्यांपैकी एका घरी ते फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लागलेलं मी पाहिलं. दोन्ही घरी पातं पहिल्याच खेपेला खुंटीवर बसलं.

या पर्यायाची मर्यादा भाषेची आहे. ए-६ आकारात, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरमध्ये, एवढा मजकूर एकाच भाषेत ११ पॉइंटला बसतो. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही कोंबल्या तर अक्षर इतकं बारीक होतं की चष्मा लावूनही त्रास. आम्ही दोन वेगळी कार्डं केली: दुकानांत जाणाऱ्या खोक्यांत मराठी, ऑनलाइनच्या खोक्यांत पुढे हिंदी आणि मागे इंग्रजी. मिरजेपलीकडे अथणी, चिकोडीकडे माल जाऊ लागला की कन्नड लागेल.

छपाईचं थोडक्यात. ३०० जीएसएमचा कागद, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि कोड वाचला जात नाही. पार्श्वभूमी पांढरी ठेवली तर १२ × १८ इंची शीटवर ८ कार्डं बसतात, म्हणजे ५०० कार्डांना ६३ शीट. घडीचं कार्ड केलं तर शीटवर चारच बसतात आणि १२५ शीट लागतात. चॉपरला घडीची गरज नाही. आणि प्रूफ मराठी वाचणाऱ्या माणसानेच तपासावं. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात. आमच्या पहिल्या प्रूफवर ‘कोशिंबीर’ची वेलांटी सरकली होती.

उद्योजकांना आभार मानायचेच होते, आणि ते मला पटतं. म्हणून मागच्या बाजूला, नंबराखाली, त्यांच्याच बोलण्यातली एक ओळ घेतली: ‘कुपवाडात आम्ही हा चॉपर जोडतो. काही बिघडलं तर थेट आम्हालाच फोन करा.’ खाली त्यांची सही.