डार्क सर्कल्स आणि सुजलेल्या पापण्या: ८ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी कॅफिन सीरम वापरलं, ३ महिने, रोज सकाळी. सूज थोडी बसते पण दुपारपर्यंत परत तेच, आणि काळेपणावर काडीचाही फरक नाही. मग स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी आधी आरशासमोर उभं केलं. खालची पापणी हलकेच ताणा म्हणाल्या. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो त्वचेतला रंग, निळसर जांभळं जास्त उठून दिसलं तर पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, आणि खिडकीसमोर मान वर केल्यावर नाहीसं झालं तर ती डोळ्याखालच्या खळग्याची नुसती सावली, तिला कुठलंच क्रीम चालत नाही, खळगा भरणारं फिलरचं इंजेक्शन नाहीतर ऑपरेशनच लागतं.

माझं तपकिरी निघालं. कारण काय तर धुळीची ॲलर्जी, नाक चोंदलेलं आणि दिवसभर डोळे चोळायची सवय, त्या चोळण्यानेच रंग चढत गेला आणि पापण्यापण सुजत राहिल्या. म्हणून पहिलं औषध क्रीम नव्हतंच, नाकात मारायचा स्प्रे आणि डोळ्यांचे ॲलर्जीचे ड्रॉप्स. सूज ३ आठवड्यांत उतरली. रंगासाठी दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन (हे डोळ्यात कमी झोंबतं) आणि रात्री कमी टक्क्याचं रेटिनॉल, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड. मी घाई करून रोज लावलं तर कातडी सोलली, लाल झाली, १० दिवस बंद ठेवावं लागलं. प्रेग्नन्सीत रेटिनॉल चालत नाही हे लक्षात ठेवा. ५ महिन्यांनी रंग उतरलाय पण गेलेला नाही, आमच्याकडे आईचेही डोळे तसेच आहेत, तेवढं राहणारच.

आता जे सांगायला मुख्यतः हे लिहायला बसले ते. माझा भाचा ५ वर्षांचा, सकाळी उठला की डोळे सुजलेले, संध्याकाळपर्यंत कमी. मीच ताईला म्हटलं, अगं माझ्यासारखीच ॲलर्जी असेल, आणि २ आठवडे ॲलर्जीचं सिरप चाललं. पण त्याला ना खाज होती ना शिंका, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मग मोजे काढले की पायावर खोल वळ राहायला लागले, लघवीला फेस दिसला. लघवीच्या तपासणीत प्रोटीन ३+ आलं, रक्तात अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळतंय. स्टेरॉइड सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत सूज उतरली, आता ताई रोज सकाळी घरीच पट्टीने लघवी तपासते.

म्हणून खाज नसताना दोन्ही डोळे रोज सुजत असतील तर लघवीची तपासणी आणि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या, सोबत थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणीपण. आणि एकच डोळा लाल, दुखरा, ताप, डोळा हलवताना कळ किंवा दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.