नऊ महिने वापरल्यावर: ‘आता अँड्रॉइड ८ लागेल’ ही नोट, आणि तिच्यात न लिहिलेली गोष्ट

हिशेबाचं हे अ‍ॅप मी आणि आई मिळून वापरतो. माझ्या फोनवर अँड्रॉइड १३ आहे, आईच्या फोनवर ७.०. एकच वही, दोघींच्या नोंदी, मध्ये सिंक. मार्च २०२४ मध्ये मला ४.० अपडेट आलं आणि अ‍ॅप उघडताच पानभर नोट दिसली. ‘यापुढे अ‍ॅपला अँड्रॉइड ८.० किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल, याची कारणं अशी.’ तेव्हा मी पाच तारे देऊन टाकले होते. ‘बग दुरुस्त केले, कामगिरी सुधारली’ एवढ्यावर सगळे भागवतात, इथे निदान कोणीतरी समजावून सांगत होतं. आज तेच तारे बदलायला बसले आहे, म्हणून आधी सगळं सांगते.

नोटमध्ये तीन कारणं होती. पहिलं, जुन्या फोनवर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी लवकरच तुटेल. दुसरं, गूगलचा नवा नियम. तिसरं, नोटिफिकेशनची नवी पद्धत. खाली एक ओळ होती: ‘तुमची सिस्टीम जुनी असेल तर कृपया फोन अपडेट करा.’

या शेवटच्या ओळीवर माझा पहिला राग. आईच्या फोनला कंपनीने ७.० नंतर काहीही दिलेलं नाही. ‘सिस्टीम अपडेट’वर बोट ठेवलं की ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असं तो शांतपणे सांगतो. अशा माणसाला फोन अपडेट करा म्हणणं म्हणजे नवा फोन घ्या म्हणणंच, मग तसं सरळ लिहावं. शिवाय आवृत्ती कुठे बघायची तेही नोटमध्ये नव्हतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडलं की बऱ्याच फोनवर कंपनीच्या स्वतःच्या सजावटीचा आकडा ठळक दिसतो आणि लोकांना तोच अँड्रॉइडचा वाटतो. बघायची असते ती ‘अँड्रॉइड आवृत्ती’ ही वेगळी ओळ.

पण खरी गडबड त्याहून साधी होती. ही नोट आईने कधी पाहिलीच नाही. ४.० तिच्या फोनवर येणारच नव्हतं, कारण प्ले स्टोअर जुन्या फोनला असं अपडेट देतच नाही. तिथे ३.९ गुपचूप तशीच राहिली. म्हणजे ज्यांना इशारा हवा होता त्यांना तो मिळाला नाही आणि ज्यांचं काहीच अडत नव्हतं अशा माझ्यासारख्यांनी तो कौतुकाने वाचला. हे टाळायचं तर इशारा आधीच्या, म्हणजे ३.९ च्याच आत द्यायला हवा होता. सिस्टीम ८ पेक्षा जुनी दिसली की वर एक पट्टी, बस. प्ले स्टोअरवरच्या ‘नवीन काय’मध्ये एका भाषेला ५०० अक्षरांचीच जागा मिळते, तिथे हे सगळं मावणार नाही हे मान्य. म्हणूनच ते अ‍ॅपच्या आत हवं होतं.

तर, मार्च ते जुलै काहीच बिघडलं नाही. जुनी आवृत्ती चालत होती, सिंक होत होतं, मी नोट विसरूनही गेले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. “अगं, मी टाकलेलं तुला दिसतंय का? माझ्याकडे सारखं ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ येतंय.” मला शेवटची नोंद दोन दिवसांपूर्वीची दिसत होती. वाय-फाय बंद-चालू केलं. तारीख-वेळ तपासली, कारण फोनची तारीख चुकली तरी नेमकं असंच होतं. कॅश पुसली. सुटेना. होईल आपोआप म्हणून सोडून दिलं. आई नोंदी टाकत राहिली आणि त्या तिच्या फोनमध्येच साठत राहिल्या.

अकराव्या दिवशी मी शहाणपणा केला. अ‍ॅप काढून टाकलं, पुन्हा घेऊ म्हटलं. प्ले स्टोअरवर इन्स्टॉलचं बटणच नव्हतं. तुमचं डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही, एवढीच ओळ. अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. आई फक्त “बरं, असू दे” म्हणाली, पण तो आवाज मला कळतो.

जुनी आवृत्ती फोनवर आहे तोवर ती चालते, पण एकदा काढली की परत मिळेलच असं नाही, ही ती न लिहिलेली गोष्ट. आयफोनवर आधी घेतलेल्या अ‍ॅपची शेवटची जुळणारी आवृत्ती बहुतेक वेळा देऊ केली जाते. प्ले स्टोअरवर ते डेव्हलपरच्या हातात असतं. नवी आवृत्ती सोडताना जुनीही त्याच रिलीजमध्ये चालू ठेवली तर जुन्या फोनला ती मिळत राहते. ठेवली नाही, तर दार बंद. ‘अ‍ॅप काढू नका, आधी नोंदींची फाइल बाहेर काढून ठेवा’ एवढं एक वाक्य नोटमध्ये असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

सिंक नेमकं का तुटलं हे मी नंतर शोधलं, आणि इथे नोटचं पहिलं कारण खरं निघालं. अ‍ॅप सर्व्हरशी बोलतं तेव्हा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. फोन विचारतो, तुझी हमी कोण घेतंय? हमी घेणाऱ्यांची यादी सिस्टीमसोबत येते आणि जुन्या फोनवर सिस्टीम अपडेट थांबलं की ती यादीही गोठते. (अँड्रॉइड १४ पासून ती प्ले मार्फत वेगळी अपडेट होऊ शकते, पण त्याचा आईला काय उपयोग!) या अ‍ॅपचा सर्व्हर लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं वापरतो. त्यांचं मूळ सर्टिफिकेट ISRG Root X1 अँड्रॉइडच्या यादीत आलं ते ७.१.१ पासून. आईचा फोन ७.० वर. अगदी उंबरठ्याशी येऊन अडकलेला.

मग इतकी वर्षं चाललं कसं? DST Root CA X3 नावाच्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या ओळखीवर. ते स्वतः ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, पण अँड्रॉइड मूळ सर्टिफिकेटची मुदत तपासत नाही. त्या फटीचा फायदा घेऊन, त्याने ISRG Root X1 वर आधीच केलेल्या जास्तीच्या सहीवर ही ओळख ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ताणली गेली. लेट्स एन्क्रिप्टने ६ जून २०२४ पासून त्या जुन्या ओळखीची साखळी देणं पूर्णपणे बंद केलं. आता हिशेब बघा. त्यांची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि सर्व्हर ती साधारण ६० दिवसांनी आपोआप बदलून घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं सर्टिफिकेट ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बदललं, नवीन साखळीत जुनी ओळख नव्हती, आणि आईचा फोन म्हणाला, मी याला ओळखत नाही.

तुमच्याकडे असंच झालंय का हे बघायला दोन गोष्टी पुरतात. सेटिंग्ज, सुरक्षा, मग ‘विश्वसनीय क्रेडेन्शियल’ उघडा आणि सिस्टीमच्या यादीत ISRG Root X1 शोधा. आईच्या फोनवर ते नव्हतं. दुसरं, त्याच फोनवर फायरफॉक्स असेल तर त्यात अ‍ॅपची वेबसाइट उघडा. फायरफॉक्स हमीदारांची स्वतःची यादी बाळगतं. तिथे साइट उघडली आणि अ‍ॅप मात्र जोडलं जात नसेल, तर दोष इंटरनेटचा नाही, फोनच्या यादीचा आहे.

पण मग हे मूळ सर्टिफिकेट अ‍ॅपच्याच पोटात घालता आलं नसतं का? आलं असतं. अँड्रॉइड ७.० पासून त्यासाठी नेटवर्क सुरक्षेच्या एक्सएमएल फाइलमध्ये, `base-config` च्या आत, एवढ्या ओळी पुरतात:

```xml
<trust-anchors>
  <certificates src="system" />
  <certificates src="@raw/isrg_root_x1" />
</trust-anchors>
```

६.० आणि त्याखाली ही फाइल वाचलीच जात नाही, तिथे तेच काम कोडमध्ये हाताने करावं लागतं. म्हणजे हे कारण खरं असलं तरी त्यावरून रेघ थेट ८.० वर ओढायची गरज नव्हती.

दुसरं कारण तर सरळ चुकीचं लिहिलं होतं. गूगलचा तो नियम, की ३१ ऑगस्ट २०२४ पासून नवी अ‍ॅप्स आणि अपडेट्स अँड्रॉइड १४ लक्ष्य धरून बनवलेली असावीत, `targetSdk` बद्दल होता. अ‍ॅप किती नव्या सिस्टीमचे नियम पाळतं, ते तो आकडा सांगतो. किती जुन्या फोनवर ते चढेल हे `minSdk` ठरवतो आणि तो आकडा डेव्हलपर स्वतः निवडतो. लक्ष्य ३४, म्हणजे अँड्रॉइड १४, ठेवून किमान २३, म्हणजे अँड्रॉइड ६, ठेवता येतं. आपला निर्णय गूगलच्या नावावर खपवणं मला आवडलं नाही. मुद्दाम केलं असेल असं मात्र वाटत नाही, हे दोन आकडे बरेच जण एकत्र कालवतात.

हे सगळं मी त्यांना ईमेलने लिहिलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं आणि नोटपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक होतं. आम्ही दोघंच आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. ८.० मध्ये पार्श्वभूमीत काम करण्यावर मर्यादा आल्या, त्यामुळे रोजच्या आठवणीचा कोड दोन वाटांनी सांभाळावा लागत होता. प्रत्येक बग दोनदा तपासायचा आणि त्यासाठी ठेवलेला जुना फोन चार्ज धरत नव्हता. हेच नोटमध्ये लिहिलं असतं तर कोण भांडलं असतं? मी तर नाही.

तिसरं कारण, नोटिफिकेशनचं, ते पटलं. ८.० पासून अ‍ॅपला नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल करावे लागतात. माझ्या फोनवर आता ‘रोजची आठवण’ आणि ‘सिंक झालं’ वेगळी आहेत. दुसरं मी पहिल्याच दिवशी बंद केलं आणि आठवण चालू ठेवली. आधी बंद करायचं तर सगळंच बंद व्हायचं. नऊ महिन्यांत आठवण एकदाही चुकलेली नाही, ४.० च्या आधी ती आठवड्यातून एखाद दिवस गडप व्हायची.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी ३.९.१ काढली. फक्त जुन्या फोनसाठी, वरचं सर्टिफिकेट पोटात घेऊन, आणि आत पट्टी: ‘तुमच्या फोनसाठी ही शेवटची आवृत्ती आहे. काढण्यापूर्वी नोंदींची फाइल जतन करा.’ आईच्या फोनवर इन्स्टॉलचं बटण परत दिसलं आणि पहिल्याच प्रयत्नात सिंक झालं. अँड्रॉइड ६ वाल्यांना याचा उपयोग नाही, त्यांनी ३.९ ला हात न लावता आधी नोंदी फाइलमध्ये बाहेर काढाव्यात.

अ‍ॅपला चार तारे, मार्चच्या नोटला दोन, त्या ईमेलला पाच. आईने गेलेले अकरा दिवस पावत्या चाळून पुन्हा भरलेत, दोन नोंदींपुढे फक्त प्रश्नचिन्ह आहे.